तिटुलीला इंग्रजीत काय म्हणतात

माझं इंग्रजी आटोपशीर आहे, असं वकील लोक कौतुकाने सांगायचे. सांगलीच्या कोर्टाबाहेर टेबल मांडून मी बावीस वर्षं कागदपत्रांची भाषांतरं करते आहे. मराठीत दीड पान पसरलेली तक्रार मी इंग्रजीच्या अर्ध्या पानात बसवते. याचा मला फार तोरा होता. तो एका बोटभर माशाने उतरवला.

त्या वर्षी उन्हाळ्यात कृष्णेत वरच्या अंगाच्या कुठल्याशा कारखान्याचं मळीचं पाणी आलं आणि काठाला मेलेल्या माशांचा थर साचला. मासे जेसीबीने खड्ड्यात लोटले. नमुना म्हणून एकही कुणी ठेवला नाही. मग नदीकाठच्या एका भोईमामांच्या नावाने पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात दावा दाखल झाला. मागणी एकच होती, हे पाणी नदीत सोडणं कायमचं थांबवा. मामांचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करायचं काम वकिलांनी माझ्याकडे दिलं.

मामा सत्तरीचे, खुर्चीच्या कडेवर बसणारे. कोणते मासे मेले ते बोटांवर मोजत सांगू लागले. मरळ, वांब. यांना इंग्रजी नावं होती, ती मी लिहिली. मग म्हणाले, "कोळस. नकटा. आन् तिटुली."

"तिटुली काय मामा?"

"बारकी असती. शेपटाच्या बुडाला काळी तीट. आमच्या आईनं ठेवल्यालं नाव हाय त्ये, दुसरं कोन म्हनत न्हाई."

या तिघांना इंग्रजीत म्हणतात तरी काय, ते मला ठाऊक नव्हतं. कोश उघडला, सापडलं नाही. दुपारचा दीड वाजला होता आणि मला भूक लागली होती. तिघांच्या जागी मी एकच शब्द लिहिला, कार्प. कुळाने पाहिलं तर खोटंही नव्हतं, ते सगळे त्याच मोठ्या कुळातले. माझं पान अर्ध्यात बसलं.

खाली नेहमीची ओळ होती, 'वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो समजला व खरा आहे.' वाचून मी दाखवला, पण माझ्या मराठी टिपणातून. कोळस, नकटा, तिटुली अशी सगळी नावं घेत. मामा प्रत्येक नावाला मान हलवत होते. ज्या कागदावर त्यांनी सही केली त्यात त्यातलं एकही नाव नव्हतं. याला खोटं म्हणतात. मला त्या वेळी ते कामाचा उरक वाटलं होतं.

पहिल्याच सुनावणीत समोरच्या वकिलाने तो शब्द उचलला. कार्पचं बीज नदीत दरवर्षी सोडतात, यंदा दुप्पट सोडू, मग कायमचं नुकसान ते काय? आमच्या वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली. कटला आणि रोहू हेही कार्पच, आणि त्यांची पिल्लं खरोखरच पोत्याने मिळतात.

मामा दुसऱ्या दिवशी टेबलाशी आले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"आवं बाई, कोळस येगळा, नकटा येगळा. तुमी समद्यास्नी एकाच पाटीत कसं घातलं? वाचून दावलं तवा तर नावं व्हती की."

मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. वकील म्हणाले, दुरुस्ती करता येईल, पण साक्षीदाराने शपथेवरचं बोलणं फिरवलं असं दिसेल. मामा खोटे ठरतील. नाहीतर भाषांतरकाराने स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्यायचं की चूक माझी. म्हणजे बावीस वर्षांचा शिक्का पणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगताना लाज वाटते, कारण मामांच्या नदीपेक्षा मला माझ्या टेबलाची काळजी होती. सकाळी मी त्या कबुलीवर सही केली.

मग मामा आणि मी नावं शोधायला कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेलो. नकट्याच्या नाकावर आडवी खोल खाच असते, असं मामांनी सांगताच सर म्हणाले, "शिस्मॅटोऱ्हिंकस नुक्ता." आणि कोळस? "हिप्सेलोबार्बस कोलस."

मामा पहिल्यांदा हसले. "ह्ये तर आमचंच की वो."

"तुमचंच. जुन्या काळी एका गोऱ्या अधिकाऱ्याने इथल्याच लोकांना विचारून लिहून घेतलं."

दोनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्याला जे जमलं ते सांगलीत बसून मला जमलं नव्हतं.

तिटुलीपाशी मात्र सर अडले. शेपटीशी ठिपका असलेले बारके मासे तीन-चार जातींचे आहेत. खवले मोजावे लागतात, मिशा पाहाव्या लागतात. मेलेल्या माशांच्या मोबाईलवरच्या फोटोने भागत नाही. "अंदाजाने शास्त्रीय नाव लिहू नका," ते मला म्हणाले, "त्यापेक्षा साधं वर्णन करा. आणि मिळाला तर एक मासा आणा."

मामा दीड महिना जाळं टाकत होते. दर बाजारच्या दिवशी येऊन सांगायचे, चिलापी घावली, चिलापीच घावली. ही बाहेरून आलेली तिलापिया, घाण पाण्यात तीच तगते. मी म्हणायचे, राहू द्या मामा, वर्णनावर भागवू. ते म्हणायचे, "न्हाई. ह्या खेपंला पक्कं हुं द्या."

एका सोमवारी ते स्टीलचा डबा छातीशी धरून एसटीतून उतरले. झाकणाला भोकं पाडली होती, आत नदीचं पाणी. आम्ही तसेच सरांकडे गेलो. झाकण काढलं तर ती आडवी तरंगत होती. बोटभर, रुपेरी, शेपटीच्या बुडाशी काळी तीट.

"निघताना जित्ती व्हती," मामा म्हणाले. "गाडीला गचकं लय बसलं."

सरांनी तिला भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. मग मासा टिकवायच्या औषधाच्या बाटलीत घातली आणि चिठ्ठी चिकटवली. गाव, नदी, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. जातीची जागा कोरी. आपल्याला खात्री नाही, तज्ज्ञाकडे पाठवू, वेळ लागेल, असं ते म्हणाले. एका माशासाठी असं रडू नये, पण मी तोंड फिरवून रडले.

मामा बाटलीकडे बघत राहिले. "म्हंजी जीव बी गेला आन् नाव बी न्हाई."

नवा कागद मी त्याच दिवशी केला. इंग्रजी नाव : नाही. शास्त्रीय नाव : अनिश्चित. वर्णन : बोटभर लांबीचा रुपेरी मासा, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, पाणी उतरल्यावर घाटाच्या पायऱ्यांशी उन्हाला येणारा, साक्षीदाराच्या घरात तिटुली या नावाने ओळखला जाणारा. तीन ओळी झाल्या. आटोपशीर अजिबात नव्हत्या.

या वेळी वकिलांसमोर बसून टिपण दूर ठेवलं. इंग्रजी कागदावर बोट ठेवून त्यात जे आहे तेच शब्दाला शब्द मराठीत सांगत गेले. मामा डोळे मिटून ऐकत होते. शेवटची ओळ आली, दीड महिन्याच्या शोधानंतर एक नमुना प्राप्त झाला.

त्यांनी डोळे उघडले. "प्राप्त म्हंजी?"

"मिळाला, मामा."

"मिळाली न्हाई, बाई. मी धरली आन् माज्या डब्यात मेली. तसं लिवा."

वकिलांनी मान हलवून नको म्हटलं. मी ओळ खोडली आणि तसं लिहिलं. मग तीही वाचून दाखवली, आणि मामांनी सही केली.