नवे शब्द मागणाऱ्या नलिनीबाई

नलिनीबाई मुळ्ये देवासच्या आमच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. १९९८च्या स्नेहसंमेलनाआधी त्या मला म्हणाल्या, "तात्या, अभिमान, यश, उज्ज्वल भविष्य, हे माझ्या भाषणात दरवर्षीचंच झालं. पालक ऐकत नाहीत, मुलं इंग्रजी शाळेत नेतात. आणखी दोघं गेली तर पुढच्या वर्षी चौथीचा वर्ग बंद. नवे शब्द द्या."

मी तिथला निवृत्त मराठी शिक्षक. भीतभीत 'गौरव, सिद्धी, भवितव्य' लिहून दिले.

"अहो, ही तर मानपत्राची भाषा!" त्या हसल्या.

संमेलनात मात्र त्यांनी कागद बाजूला ठेवला. "जूनमध्ये तिसरीतल्या ऋजुताला मराठी वाचता येत नव्हतं. परवा तिनं आजीचं पत्र मला वाचून दाखवलं. जमलं तिला! माझा ऊर भरून आला. गुढीपाडव्याला ती स्वतः आजीला उत्तर लिहील."

ऋजुताचे वडील कारखान्यात नोकरीला होते. त्यांनी इंग्रजी शाळेचा फॉर्म आणून ठेवला होता. बाई मंचावरून उतरताच ते जवळ आले.

"मॅडम, लिहील ना पक्का?"

"लिहील. मी स्वतः लिहायला बसवीन तिला."

"मग राहू द्या तिला इथंच."