दहा पॅनेलची माळ

घोटावड्याचा रत्नदीप बारा वर्षं सौर पॅनेल बसवत होता. भुकूमच्या बंगल्यावर तो ठेकेदाराला म्हणाला, "दहाही पॅनेल एका माळेत नकोत. एकाचे एकोणपन्नास, म्हंजी चारशे नव्वद व्होल्ट. इन्व्हर्टर पाचशेच सोसतोय, आन् थंडीत व्होल्टेज वाढतं. पाच-पाचच्या दोन माळा समांतर जोडू. व्होल्टेज निम्मं, करंट दुप्पट, सव्वीस अँपिअर. तेवढा त्याला चालतोय."

"वायर जास्त लागंल. सांगतो तसं जोड."

त्याने जोडलं. डिसेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी ऊन पडताच इन्व्हर्टर जळाला.

"ह्यानंच चुकीचं जोडलं," ठेकेदार मालकाला म्हणाला.

रत्नदीपने पाच-पाचच्या दोन माळा बांधल्या. नवा इन्व्हर्टर नीट चालला. मालकाने ठेकेदाराचे आभार मानले. रत्नदीपला पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही.