रविवारी भोंगा वाजत नाही

भुताखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. कारखान्यात यंत्रांशी झटणारा माणूस... असल्या गोष्टींना वेळ कुठला! तरीही हे लिहितोय.

एकोणीसशे पंचावन्न-छप्पनचा सुमार. मी साताऱ्याकडचा, पिंपरीच्या कंपनीत नवा, राहायला चिंचवडला. त्या दिवशी बायको यमुना आमच्या तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन पुणे स्टेशनवर उतरणार होती. लेकीला मी अजून पाहिलंही नव्हतं! यमुनाचा हा पहिलाच एकटीचा प्रवास, पत्ताही तिला ठाऊक नाही.

लेकीसाठी मी स्वतः लाल कुंची शिवली होती. लाल दोरा संपला, म्हणून अर्धी शिवण निळी. आंघोळ करून, पिशवी मांडीवर घेऊन बसलो – कंपनीचा आठचा भोंगा झाला की निघायचं. माझ्याकडे घड्याळ नव्हतं. भोंगा हेच घड्याळ. बसलो, बसलो... आणि आठवलं, आज रविवार. सुट्टीला भोंगा कसला!

धावत चिंचवड स्टेशन गाठलं. खिडकीवर थर्ड क्लासचं पुठ्ठ्याचं तिकीट घेतलं, त्यावर तारीख उठली, तोवर सिग्नल पडला होता. पुण्याचा प्लॅटफॉर्म पलीकडे. पुलावर होतो तेव्हा गार्डानं शिट्टी देऊन हिरवा झेंडा दाखवला. खाली उतरेपर्यंत शेवटचा डबाही गेला.

स्टेशनमास्तर म्हणाले, "तिकीट वाया जात नाही. पॅसेंजरचं आहे, आजच्या पुढच्या पॅसेंजरला चालेल. पण ती दोन तासांनी. मधली मेल इथे थांबत नाही."

मी बाकावर कोसळलो. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. तिला सगळं सांगितलं. भोंग्याचं ऐकून ती पोट धरून हसली, मलाही हसू फुटलं. कुंची हातात घेऊन म्हणाली, "शिवण वाकडी हाय, पर माया सरळ हाय." मी कुंची परत पिशवीत ठेवल्यासारखं आठवतं.

पुढची गाडी आली. "आजी, येताय?"

"न्हाई रं, मला कुठं जायाचंय? तू जा."

गाडी सुटली तेव्हा ती बाकावरूनच हात हलवत होती.

पुण्याला यमुना घड्याळाखाली बसली होती – चक्क हसत.

"घाबरली नाहीस?"

"चिंचवडकडच्या पैल्या गाडीतनं तुमी उतरला न्हाईत, तवा रडू आलं. पर त्याच गाडीतनं एक आजी उतरली, हिरव्या लुगड्याची. म्हणाली, भोंगा वाजला न्हाई म्हणून त्येची गाडी चुकली, फुडच्या गाडीनं येतोय. आन् हे दिलं."

लेकीच्या डोक्यावर लाल कुंची होती. निळी शिवण... माझ्याच हातची! पिशवी उलटी केली, रिकामी. तेवढ्यात लेक माझ्याकडे पाहून हसली, आणि खरं सांगतो, सगळे प्रश्न तिथेच विसरलो.

चुकलेल्या गाडीतून उतरलेली बाई मला नंतर बाकावर कशी भेटली? परतल्यावर मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, त्या बाकावर तुम्ही एकटेच हसत होता.

 गेल्या महिन्यात लेकीच्या लेकीचं बारसं झालं, तीच कुंची घालून. मी हौसेनं निळा दोरा दाखवत होतो. बाळ मात्र माझ्या खांद्यामागे पाहून खुदकन हसलं. मी वळलो नाही. नुसतं म्हणालो, "आजी, जेवून जा."