डावा खालचा कोपरा

गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत पडद्यावरचे इफेक्ट्स लिहिणारा तो एकटाच होता. डबाही एकटाच खायचा. जुन्या टीव्हीचा भास आणणारा शेडर, म्हणजे चित्र पडद्यावर कसं उमटावं ते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, त्याने तीन आठवडे जीव ओतून लिहिला. पडद्यावरचा ठिपका मध्यापासून जितका लांब, तितका त्याचा रंग चित्रात आणखी बाहेरून उचलायचा, की काच फुगीर दिसते. चित्र संपलं की तिथे काळं. जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा आडव्या रेघा मूळ चित्राच्या ओळींना बांधायच्या, नाहीतर भलतेच पट्टे उमटतात. सगळं गणित जमलं, तरी त्याचं काही समाधान होईना.

मग आठवलं. घरच्या टीव्हीचा डावा खालचा कोपरा जरा काळवंडलेला होता, आणि लहानपणी तो आणि ताई त्याच बाजूला खेटून बसत. कुणाला न विचारता त्याने तो कोपराही अंधारा केला. "ज्याला नको तो बंद करेल," म्हणत साहेबांनी त्या कोपऱ्यासाठी सेटिंगमध्ये बटण ठेवायला लावलं.

गेम बाजारात आल्यावर त्याने तो ताईला पाठवला. कोपऱ्याबद्दल मुद्दाम अवाक्षर काढलं नाही. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"छान झालाय रे. फक्त डावीकडे खाली काहीतरी काळं दिसत होतं. म्हटलं, गेला आपला स्क्रीन. मग ते बटण सापडलं. बंद केलं, आता कसं स्वच्छ दिसतंय."

"हो," तो म्हणाला, "त्यासाठीच ठेवलंय ते."