दोन अंशांचा धडा

चिखलीचे वामनराव मास्तर इंग्रजी विज्ञानाचा एक धडा मराठीत उतरवून धाड गावच्या शाळेत आले होते, पोरींना तो कळतो का ते पाहायला. आकृतीतल्या ट्रायपॉडला त्यांनी 'तिवई' लिहिलं होतं, फॅरनहाइटचे अंश नव्या सेल्सिअसात बसवले होते. त्याचा त्यांना मोठा तोरा होता.

वर्गाच्या कोकिळाबाईंनी जनका नावाच्या पोरीची वही पुढे केली. दिव्यावर पाच मिनिटांत पाण्याचं तापमान किती अंशांनी वाढलं? 'वीस.' त्यावर लाल काट.

"धड्यात दोन हायत, म्हणून चूक देली," बाई म्हणाल्या.

"म्या तापमापी लावून तीनदा मोजलं, गुरुजी," जनका पुटपुटली.

वामनरावांनी मूळ पान काढलं. वाढ छत्तीस फॅरनहाइट अंशांची होती. नुसत्या वाढीतून बत्तीस वजा करायचे नसतात; त्यांनी सवयीनं केले होते, आणि उरलेल्या चारचे जेमतेम दोन झाले होते. खरं तर छत्तीसचे सेल्सिअसात वीसच होतात. नकलणाऱ्याची चूक म्हणावं, असं ओठांवर आलं, पण अक्षर त्यांचंच होतं.

"चूक माही हाय," ते खाली पाहत म्हणाले. "तुही नाही."

"मंग काल बाईनं मले तासभर उभं ठेवलं, ते काऊन?"

कोकिळाबाई खिडकीकडे वळल्या. वामनराव धड्यातला 'दोन' खोडत राहिले, कागद फाटेस्तोवर.