घमेल्यातलं गोड पाणी

पिंपळगाव बसवंतला हायवेलगत एक कोल्ड स्टोरेज होतं, आणि तिथल्या मशीन रूममध्ये देवराम नावाचा ऑपरेटर होता. माणूस कसा, तर सुतासारखा सरळ आणि त्याच सरळपणामुळे कुणालाच न पेलणारा. गळ्यात तुळशीची माळ. बापाने दारूपायी घर बुडवलं होतं, म्हणून देवरामने आयुष्यभर दारूच्या वासालाही शिवायचं नाही असं ठरवलेलं. बरं, स्वतःपुरतं ठरवून गप्प बसावं ना? छे! ड्रायव्हर लोकांच्या तोंडाचा वास घ्यायचा, हमालांना उपदेश करायचा. लोक तोंडावर ‘महाराज’ म्हणायचे आणि पाठ वळली की हसायचे. लग्नाच्या जेवणाला बोलवायचे, रात्रीच्या गप्पांना कुणी बोलवायचं नाही. बायको बाळंतपणात गेली, तिच्याबरोबर मूलही. पुन्हा लग्न केलं नाही. खोली गोडाऊनच्याच आवारात.

द्राक्षांचा सीझन असला की आवारात पाय ठेवायला जागा नसायची. मे महिन्यात मात्र सगळं ओस. पॅकहाऊसला कुलूप, पॅकिंगच्या पोरी आपापल्या गावी, आणि आत फक्त बेदाण्याच्या पेट्या. त्यांना थंड ठेवायला देवराम आणि त्याची मशीन. दिवसचे दिवस त्याच्या तोंडून शब्द निघायचा तो फक्त ढवळ्याशी.

ढवळ्या म्हणजे पांढरं, एका कानाचं कुत्रं. कुण्या टेम्पोतून उतरलं आणि राहिलं. देवराम भाकरी मोडायचा ती दोघांत. ‘काय रे, आज मीठ जास्त झालं का?’ असं विचारायचा, आणि ढवळ्या शेपूट हलवायचा. खरं सांगायचं तर ह्या माणसाला सगळ्या जगात एवढा एकच जीव होता, जो त्याच्या उपदेशाला कंटाळत नव्हता.

ते २००३ साल. उन्हाळा नुसता पेटलेला. खोल्या थंड ठेवायला पाइपातून ग्लायकॉल नावाचं रसायन मिसळलेलं पाणी फिरायचं, हिरवट आणि चवीला गोडसर. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सैल झालेल्या बुचातून, ते थेंबथेंब गळायचं. दुसरा ऑपरेटर असता तर गटारात जाऊ दिलं असतं. देवराम मोठा काटकसरी! खाली घमेलं लावायचा आणि भरलं की परत टाकीत ओतायचा. मालकाचं नुकसान नको. असं तो वर्षानुवर्षं करत आला होता, आणि त्यात काही वाईट आहे असं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

एका सकाळी ढवळ्या मशीन रूममधून बाहेर आला तो झोकांड्या खात. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. भिंतीला धडकला, ओकला, बसला, पुन्हा उठला. देवरामच्या डोक्यात तिडीक गेली. हे ध्यान त्याने लहानपणी रोज पाहिलेलं होतं!

गेटावर वाल्मीक टेम्पोवाला टायर बदलत होता. देवराम सरळ त्याच्या अंगावर गेला.

“कुत्र्याला दारू पाजली व्हय रे? मस्करी सुचली तुम्हाला?”

“आईशपथ नाय, महाराज!” वाल्मीक उभा राहिला. “मी आत्ता आलोय. अन् मुक्या जनावराला कशाला पाजू? आम्हालाच पुरत नाय.”

“तोंड वर करून बोलतो!” देवरामने त्याला आईबापावरून ऐकवलं. आणि परत येऊन ढवळ्याला मानेला धरून खोलीत कोंडलं. बाहेरून कडी. “उतरू दे. मग बघतो तुझ्याकडे.”

ढवळ्या दार खरवडत होता, भुंकत होता, घसा कोरडा पडल्यासारखा कुंईकुंई करत होता. देवरामला ऐकू येत होतं. पण बापाला असंच कोंडून ठेवायची आई, आणि संध्याकाळी बाप माणसात यायचा. दारुड्याच्या हातात पाणी दिलं की तो अजून माजतो, हे त्याचं पक्कं मत.

संध्याकाळी दार उघडलं. खोलीभर मुताचं थारोळं, पण कुत्रं चारी पायांवर नीट उभं! थोडं मलूल, पण चाल सरळ. देवरामला केवढं समाधान वाटलं. म्हणाला, “बघ, उतरली की नाय?” मशीन रूममध्ये गेला तर घमेल्यात तळालाच काय ते पाणी. ग्लँड आपोआप बसली, गळती थांबली वाटतं, म्हणून तो आणखी खूश झाला.

दुसऱ्या दिवशी ढवळ्याने भाकरीला तोंड लावलं नाही. ओकत राहिला. लघवीला पाय उचलायचा आणि नुसता उभा राहायचा. दुपारी देवरामने त्याला पोत्यावर घालून सायकलवरून गुरांच्या दवाखान्यात नेलं.

शुभांगी डॉक्टर तरुण होत्या, पण हात शांत. त्यांनी ढवळ्याच्या कमरेवर दाबलं तसा तो कळवळला. बारीक नळी घालून लघवी काढली. निघाले ते चार थेंब. काचेवर घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

“काका, तुम्ही कामाला कुठे?”

“कोल्ड स्टोरेजला.”

“तिथे ग्लायकॉल आहे?”

देवरामच्या डोळ्यांपुढे ते रिकामं घमेलं आलं. “हाय,” तो म्हणाला.

“काल हा दारू प्यायल्यासारखा झुलत होता?”

“व्हय.”

“तेव्हाच आणायला हवा होता. तेव्हा ह्याला दारूच दिली असती.”

पुढचं ऐकायला देवराम थांबला कुठे? बसस्टँडमागच्या देशीच्या दुकानापुढे माळ घातलेला माणूस धापा टाकत उभा राहिला, तशी बाकावरची सगळी मंडळी वळून बघायला लागली. मग एकजण खिदळला, “महाराज, तुम्ही पण?”

“कुत्र्याला पाहिजे,” देवराम म्हणाला. मग तर हसून हसून लोळले सगळे. त्याने बाटली छातीशी धरली आणि तसाच धावत परतला.

“घ्या म्याडम. पाजा. हवी तेवढी पाजा.”

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली नाही. “काका, बसा,” त्या म्हणाल्या. “ग्लायकॉल पोटात गेलं की आधी फक्त झिंग येते, तहान लागते, लघवी फार होते. मग झिंग उतरते आणि जनावर बरं झालं असं वाटतं. पण तोवर लिव्हर त्याचं खरं विष बनवत असतं. दारू पाजली की लिव्हर दारूतच गुंततं, आणि ग्लायकॉल तसंच लघवीवाटे निघून जातं. कुत्र्यात हे पहिल्या आठ-दहा तासांतच साधतं, मांजरात तर तीन तासही जेमतेम. ह्याचं विष बनून गेलंय. लघवीत लांबट, टोकदार खडे दिसले मला. तसेच मूत्रपिंडातही बसलेत. आता दारूचा काही उपयोग नाही.”

“मग काय करायचं?”

“सलाइन लावते. लघवी सुरू झाली तर आशा. पण खोटं नाही बोलणार, काका, आशा थोडीच आहे.”

सलाइन लावलं. लघवी सुरू झाली नाही. अंग सुजायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी सलाइनही थांबवलं. देवराम टेबलाशेजारी स्टुलावर बसून राहिला, कुत्र्याच्या तोंडाला आंबूस उग्र वास येत होता तरी तोंड जवळ नेऊन बोलत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी ढवळ्याला झटके आले आणि तो गेला.

पोत्यात बांधून आणलं तेव्हा गेटावर वाल्मीक होता. टेम्पोतून फावडं काढलं आणि कुंपणाच्या कडेला खड्डा खणायला लागला. माती सारून झाल्यावर दोघं तिथेच बांधावर टेकले.

“मी तुला नाय नाय ते बोललो,” देवराम म्हणाला.

“जाऊ द्या हो.”

“जाऊ दे कसं? तो दिवसभर दार खरवडत होता, वाल्मीक. त्याला तहान लागली होती. मला ऐकू येत होतं रे. सगळं ऐकू येत होतं.”

वाल्मीकने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी वर्षांत कुणी ठेवला नव्हता. देवराम तोंडात उपरणं कोंबून रडत राहिला.