दोन वाटांचं हृदय

उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यात मी नर्स होते. एकदा बारवीकडच्या पाड्यावरून एक शेतकरी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आला. तिचे ओठ जांभळे पडले होते आणि चार पावलं चालली की ती उकिडवी बसायची.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिची छाती बराच वेळ ऐकली. बापाला नीट समजावं म्हणून त्यांनी खाटकाकडून बकऱ्याचं हृदय मागवलं. उजव्या बाजूला पाणी ओतून त्यांनी हृदय दाबलं, तसं पाणी एका नळीतून बाहेर आलं. "हे रक्त फुप्फुसांकडे जातं. तिथं हवा घेतं आणि इकडे डावीकडे परत येतं." मग त्यांनी डावीकडे पाणी ओतलं. ते दुसऱ्याच जाड नळीतून उसळलं. "हे सगळ्या अंगात जातं."

"म्हंजे रगत एका फेरीत दोनदा हितं येतं?" बापाने विचारलं.

"हो. पण मधे भिंत असते. हिच्या भिंतीला भोक असावं आणि फुप्फुसांची वाट अरुंद. म्हणून बिनहवेचं रक्त तसंच अंगात जातं."

त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. बापाने लेकीला खांद्यावर घेतलं. पुढे तिचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

ते गेल्यावर मी स्टेथोस्कोप स्वतःच्याच छातीला लावला. आत दोन्ही बाजू एकाच वेळी आवळत होत्या, दोन वेगळ्या वाटांनी रक्त धाडत होत्या, आणि पुस्तकात शिकूनही इतकी वर्षं मला ते कधी जाणवलं नव्हतं.